‘पश्चात’ या शब्दाविषयी, आणि कामणच्या व्यवस्थापकाशी झालेल्या ओळखीविषयी

वसईतल्या गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आणि फुलपाड्यातील आमच्या इमारतीत माझ्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. मी स्वतःच्या हाताने स्वतःची मृत्युवार्ता लिहिली, ती एका मित्राकरवी पाठवली आणि सांत्वनाला आलेल्या सद्गृहस्थाला जिवंतपणी दर्शन देऊन घाबरवले, असा तिचा आशय आहे. मुलगा ती एका तऱ्हेने सांगतो, सून दुसऱ्या तऱ्हेने, आणि मास्तर दर वेळी नव्या तऱ्हेने. तिघांच्याही सांगण्यात मी मूर्ख ठरतो, एवढ्यापुरते त्यांच्यात एकमत आहे. म्हणून जे घडले ते येथे क्रमाने लिहून ठेवत आहे. मी लिहिलेल्या मजकुरात व्याकरणाची एकही चूक नव्हती, हे आरंभीच नोंदवतो.

गोखिवऱ्यात आमचा लाकडी पॅलेट बनवण्याचा गाळा आहे. गोदामात माल ज्या लाकडी चौरंगासारख्या बैठकीवर रचतात आणि खालून काटे घालून यंत्राने उचलतात, तिला पॅलेट म्हणतात. मुंबईतल्या एका कारखान्याच्या वेष्टन विभागातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर हा गाळा मी उभा केला आणि पुढे मुलाच्या स्वाधीन केला. स्वाधीन केला म्हणजे सोडला, असा अर्थ मुलगा काढतो. मी रोज सकाळी आठला तेथे असतो.

गेल्या वर्षी आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. फरशांचे गोदाम होते. त्यांनी लाकूड सोडून प्लास्टिकची पॅलेट घेतली. दोन सुतार अर्धा आठवडा रिकामे बसू लागले. गाळ्याचा करार महिनाअखेर संपणार होता, आणि तोवर नवे काम मिळाले नाही तर करार पुढे चालवणार नाही, असे मुलाने जेवताना जाहीर केले. तो नोकरी पाहणार होता. मी भात कालवत राहिलो आणि एवढेच म्हणालो की, आमटीत मीठ कमी आहे.

काम मिळण्यासारखे एक ठिकाण होते. कामणला एक अवाढव्य गोदाम आहे. त्याच्या मागच्या अंगणात मोडक्या पॅलेटचा डोंगर रस्त्यावरून दिसतो. मुलाने त्यांच्या खरेदी विभागाला तीनदा ईमेल केले. उत्तर आले नाही. मी स्वतः फाटकापर्यंत गेलो. पहारेकऱ्याने माझे नाव वहीत लिहिले, मला पाणी दिले आणि परत पाठवले. पाणी थंड होते, त्याविषयी तक्रार नाही.

तेवढ्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे वसई पश्चिमेच्या एका गावातले निवृत्त गणित-शिक्षक, माझे मित्र. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की स्कूटरवरून थेट आमच्याकडे येतात, कारण त्यांच्या वाडीतल्या केळ्यांसाठी लागणारी खोकी आम्ही उरलेल्या फळ्यांची करून देतो. मी कामणच्या फाटकाची हकिकत सांगत होतो. ती ऐकून ते म्हणाले की तिथला व्यवस्थापक त्यांचा विद्यार्थी आहे, त्रिकोणमितीत अगदी कच्चा, पण मुलगा सरळ. नाताळला अजून घरी येतो.

मी तत्काळ त्याचा नंबर मागितला. मास्तरांनी खिशातला फोन खिशातच ठेवला.

“नंबर नाही देणार. त्याला न विचारता कसा देऊ? उद्या तो मला म्हणेल, सर, तुम्ही कुणाला माझ्या अंगावर सोडलंत.”

“मी काय कुत्रा आहे?”

“कुत्र्याला मी नंबर दिला असता,” मास्तर म्हणाले. “कुत्रा त्याचं शुद्धलेखन तपासणार नाही.”

येथे सून मध्ये पडली. ती पूर्वी अंधेरीला एका कंपनीत होती आणि अशा गोष्टींचे तिला रीतसर ज्ञान आहे. तिने मास्तरांची बाजू घेतली. नंबर मागायचा नसतो, ती म्हणाली. ओळख करून द्यायची विनंती करायची असते. याला वॉर्म इंट्रो म्हणतात. ओळखीला तापमान कसे असते, हे मी विचारले. तिने सांगितलेली पद्धत मात्र, मी मान्य करतो, विचारपूर्वक बसवलेली होती. मास्तरांना दोन वेगळे निरोप पाठवायचे. पहिला फक्त मास्तरांसाठी: आम्हांला कोणाला भेटायचे आहे, का भेटायचे आहे, आणि तुम्हांला अवघड वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. दुसरा असा, की मास्तरांनी त्यात एक अक्षरही न बदलता तो जसाच्या तसा पुढे पाठवावा. चार ओळी. आम्ही कोण, तुमच्या काय उपयोगाचे, आणि मागणे एकच व छोटे. मास्तरांना काही लिहावे लागू नये, आणि समोरच्याला भेटायचे नसेल तर त्याने नुसते दुर्लक्ष करावे. कोणाचाच संकोच नको.

“आणि मागणं वरच हवं, बाबा,” ती म्हणाली. “लोक फोनवर पहिल्या चार ओळी वाचतात. फोटोबिटो काही नको.”

तिने तेथेच, खोक्यावर बसून, मजकूर लिहिला. तो असा होता: ‘गोखिवऱ्यात आमचा लाकडी पॅलेट बनवण्याचा व दुरुस्तीचा गाळा आहे. तुमच्या कामणच्या गोदामातली वीस मोडकी पॅलेट आम्ही दोन दिवसांत नीट करून देऊ. पसंत पडली तरच पुढचं बोलू. त्यासाठी पंधरा मिनिटं दिलीत तर आम्ही कामणला येऊ. सध्या गरज नसेल तर तसं कळवलं तरी चालेल.’

मी तो दोनदा वाचला. त्यात मी कोठेच नव्हतो.

मुलगा म्हणतो की तेथेच थांबायला हवे होते. पण मी थांबलो असतो तर तो मजकूर एखाद्या उडप्याच्या हॉटेलानेही पाठवला असता. गाळा कोणी उभा केला, त्यामागे किती वर्षांचा हात आहे, हे ज्याला कळत नाही तो आपली पॅलेट अनोळखी माणसाच्या हाती का देईल? शिवाय तो मजकूर मास्तरांच्या फोनवरून जाणार होता. मास्तर बोलत असताना ‘आमचा गाळा’ कसे म्हणतील? वाचणाऱ्याला वाटेल, मास्तरांनी केळी सोडून सुतारकी धरली. म्हणून मी संध्याकाळी घरी बसून संपूर्ण मजकूर तृतीय पुरुषात नव्याने रचला. सुनेच्या चार ओळी मी वगळल्या नाहीत, हे कोणी सांगत नाही. त्या मी अखेरीस, मानाच्या जागी ठेवल्या.

माझा मजकूर असा होता:

‘गोखिवरे येथील लाकडी वेष्टन-व्यवसायातील एक ज्येष्ठ, जाणते व परखड व्यक्तिमत्त्व म्हणजे श्री.’ येथे माझे पूर्ण नाव होते. ‘मुंबईतील एका नामवंत कारखान्याच्या वेष्टन विभागात त्यांनी छत्तीस वर्षे निष्ठेने सेवा केली. सैल खिळा त्यांनी आयुष्यात कधी खपवून घेतला नाही. कठोर शिस्त आणि कोमल अंतःकरण यांचा दुर्मीळ संगम त्यांच्या ठायी होता. त्यांच्या हाताखाली अनेक कारागीर घडले. त्यांच्या पश्चात मुलगा व सून गाळ्याचे काम पाहतात.’

यापुढे सुनेच्या चार ओळी होत्या. आता त्यांच्या आधीच्या या शेवटच्या वाक्याविषयी बोलू, कारण सर्व ओरड त्यावरून आहे. मी दुपारी एकला जेवायला घरी जातो आणि जेवणानंतर पडतो. त्यानंतर गाळा मुलगा व सून पाहतात. म्हणजे माझ्या पश्चात पाहतात. पश्चात म्हणजे मागाहून, मागे, गैरहजेरीत. आमच्या कार्यालयात वरिष्ठ दौऱ्यावर गेले की ‘त्यांच्या पश्चात सह्या कोण करणार’ असे लेखी विचारले जाई आणि कोणी रडत नसे. वर्तमानपत्रांनी हा शब्द दुःखद निधनाच्या रकान्यात कोंडून ठेवला, यात माझा अपराध काय? आणि ‘होता’ हे भूतकाळी रूप सेवेच्या काळाला अनुलक्षून आहे. निवृत्तीनंतर अंतःकरण तितकेसे कोमल राहिलेले नाही. प्रामाणिक माणूस तेथे ‘आहे’ लिहू शकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नावामागे ‘श्री.’ होते. ‘कै.’ नव्हते. ज्याला श्री आणि कै यांतला फरक दिसत नाही, त्याच्यासाठी मराठीत काय लिहावे?

छायाचित्राचा मुद्दा उरतो. चेहरा पाहिल्यावाचून ओळख कसली, म्हणून मी एक छायाचित्र जोडले. ते माझ्या निवृत्तीच्या सत्कारातले. त्यात मी समोर पाहत आहे, गंभीर आहे, आणि गळ्यात हार आहे. सत्कारात हार घालतात.

पहिला निरोप मात्र मी तंतोतंत सुनेच्या सांगण्याप्रमाणे लिहिला. ‘आपणांस यात किंचितही अवघड वाटत असल्यास निःसंकोच नकार द्यावा, आपल्या स्नेहात उणे येणार नाही.’ मास्तरांनी उलट उत्तर पाठवले की माझ्याकडून असे सौम्य वाक्य प्रथमच आले आहे, प्रकृती बरी आहे ना? एवढ्यावर त्यांनी दुसरा निरोप, छायाचित्रासह, व्यवस्थापकाला पुढे पाठवला. त्याच्या वर स्वतःची एक ओळ जोडली: ‘माझे जिवलग स्नेही.’ आणि दोन जोडलेले हात.

जे कोणाला ठाऊक नव्हते, आणि मास्तर आजही ज्यावरून पळ काढतात, ते हे. मास्तर आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना वर्षभर दोनच प्रकारचे निरोप पाठवतात. एक नाताळच्या शुभेच्छा. दुसरा, शाळेतले कोणी जुने शिक्षक, शिपाई किंवा गावातले कोणी गेले की, छायाचित्र, चार ओळी आणि जोडलेले हात. ते ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. नाताळ नव्हता.

व्यवस्थापक त्या वेळी माल उतरवून घेत होता. त्याने फोनवर हार घातलेला म्हातारा पाहिला, ‘माझे जिवलग स्नेही’ वाचले, पहिल्या काही ओळींवरून नजर फिरवली. छायाचित्राखालचा लांब मजकूर फोन पुरता दाखवत नाही. थोड्या ओळींनंतर ‘आणखी वाचा’ असे येते. माझा मजकूर नेमका ‘मुलगा व सून गाळ्याचे काम पाहतात’ येथे तुटला होता. वीस पॅलेट आणि पंधरा मिनिटे त्या पडद्याआड राहिली. मी त्या यंत्राची रचना केलेली नाही.

त्याने मास्तरांना उत्तर पाठवले: ‘सर, वाचून वाईट वाटलं. कधी आणि कुठे?’

मास्तरांनी, स्वतःच्या म्हणण्यानुसार, चष्मा नसल्यामुळे फक्त ‘कधी आणि कुठे’ वाचले. माझ्या मते त्यांनी सगळे वाचले, पण गणिताच्या माणसाला उत्तरापुरतेच वाचायची सवय असते. त्यांना वाटले, पोरगा लगेच भेटायला तयार झाला. आनंदून त्यांनी लिहिले: ‘उद्या सकाळी अकरा. गोखिवऱ्याला, त्यांच्याच गाळ्यात. घरचे सगळे असतील. तू आलास तर त्यांना फार बरं वाटेल.’

हे वाक्य व्यवस्थापकाने कसे पचवले, हे मला माहीत नाही. मास्तर धार्मिक आहेत, एवढेच त्याने बहुधा धरून घेतले.

मास्तरांनी मला फोन केला तेव्हा आमच्या घरी उत्सव झाला. तीन ईमेलना दाद न देणाऱ्या गोदामाचा माणूस एका निरोपावर स्वतःहून गाळ्यात येत होता. मी सुनेला फक्त एवढेच म्हणालो की मजकूर कसा लिहावा हे आता ध्यानात आले असेल. तिने विचारले, तुम्ही माझाच पाठवलात ना? मी म्हणालो, तुझा त्यात आहे. यात असत्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी दहापासून आम्ही सज्ज होतो. भुसा झाडला. सुताराने एक जुने पॅलेट दुरुस्त करून दाराशी नमुन्यासाठी ठेवले: मोडलेल्या दोन पट्ट्या बदललेल्या, पीळदार खिळे, डोकी लाकडात बुडालेली. खिळ्याचे डोके वर राहिले तर मालाचे पोते फाटते; हे ज्याला कळले त्याला अर्धी सुतारकी कळली. मी आतल्या बाजूला, करवतीच्या मागे, मोजपट्टी शोधत होतो. मुलगा म्हणतो की मी भव्य प्रवेश करण्यासाठी लपलो होतो. मी मोजपट्टी शोधत होतो.

अकराला गाडी थांबली. व्यवस्थापक उतरला: चांगला भरदार, पंचेचाळिशीचा, पांढरा सदरा, हातात निशिगंधाचा जाड हार. मुलगा पुढे गेला. त्याला वाटले, नव्या संबंधाच्या शुभारंभाचा हार असावा. मोठ्या गोदामांची रीत असेल. त्याने दोन्ही हात पुढे केले. व्यवस्थापकाने ते हातात घेतले आणि हळू आवाजात म्हणाला, “फार वाईट झालं.”

पुढचा संवाद मी स्वतः ऐकला आहे, तेव्हा या बाबतीत इतरांच्या आवृत्त्या गृहीत धरू नयेत. मुलाला वाटले, मास्तरांनी फरशांच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगितले असणार.

“काय करणार,” तो म्हणाला. “दिवाळीपासून लक्षणं दिसतच होती.”

“खूप ओढाताण झाली असेल तुमची.”

“झाली ना. आम्ही शेवटपर्यंत प्रयत्न केले. पण शेवटी प्लास्टिकवर गेले.”

व्यवस्थापकाने हार दुसऱ्या हातात घेतला. “प्लास्टिकवर,” तो म्हणाला. “नळ्या?”

“नळ्या नाही, सगळंच. आजकाल सगळे तिकडेच जातात. स्वच्छ असतं म्हणतात.”

“वय काय होतं?”

“बारा वर्षं,” मुलगा म्हणाला. संबंध बारा वर्षांचा होता.

व्यवस्थापकाने या आकड्याचे काय केले असेल ते देव जाणे. त्याने विषय सोडला आणि मान खाली घालून विचारले, “कुठे ठेवलंय?”

“आत,” मुलगा अभिमानाने म्हणाला. “पहिलं इथे दाराशी आहे, बाकीची आत रचून ठेवलीत. या, बघून घ्या. हात लावून बघा, काही हरकत नाही.”

तेवढ्यात मला मोजपट्टी सापडली होती. मी करवतीमागून बाहेर आलो आणि जे कोणीही यजमान म्हणेल ते म्हणालो: “या, या. तुमचीच वाट पाहत होतो.”

येथे आवृत्त्या फुटतात. मुलगा म्हणतो, व्यवस्थापक किंचाळला. मास्तर, जे त्या वेळी स्कूटर लावत होते आणि ज्यांनी काहीही पाहिले नाही, म्हणतात की तो पळायला वळला. सून म्हणते की माझ्या केसांवर आणि भिवयांवर भुसा होता, त्यामुळे मी पांढराफटक दिसत होतो आणि मोजपट्टी लांबून तलवारीसारखी वाटत होती. यातले भुशाचे तेवढे मी मान्य करतो. सत्य इतकेच की तो भारदस्त गृहस्थ एक पाऊल मागे सरकला, त्याची टाच दाराशी ठेवलेल्या पॅलेटला लागली, आणि तो संपूर्ण वजनानिशी, हारासकट, त्यावर बसला. दाणकन बसला.

पॅलेट करकरले नाही. हे मी तेव्हाच ऐकले. म्हणजे ऐकले नाही.

सून पाणी घेऊन धावली. मास्तर आत आले आणि त्यांनी दोन्ही बाजूंची ओळख करून दिली, जे त्यांनी आदल्या दिवशीच नीट करायला हवे होते. व्यवस्थापक पाणी प्यायला, त्याने माझ्याकडे पाहिले, फोन काढून छायाचित्राकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे.

“सर,” तो मास्तरांना म्हणाला, “हे गेलेत ना?”

“कोण गेलं?” मास्तर म्हणाले. “हा कुठे जाणार?”

“तुम्हीच पाठवलंत. पश्चात मुलगा व सून.”

मग सगळ्यांनी तो मजकूर वाचला. सुनेनेही. वाचताना ती एकदाच माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाबा, ‘ठायी होता’?” आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. व्यवस्थापकाने ‘आणखी वाचा’वर बोट ठेवले, तेव्हा कोठे वीस मोडकी पॅलेट आणि पंधरा मिनिटे वर आली.

मी त्याला पश्चात या शब्दाची व्युत्पत्ती समजावून सांगू लागलो. गैरहजेरी या अर्थाचे दोन दाखले दिले. तिसरा देत होतो. मुलाचा चेहरा उतरला होता. महिनाअखेरीला दोनच आठवडे राहिले होते, आणि ज्याच्यासाठी इतकी खटपट केली तो माणूस घड्याळाकडे पाहत उठू लागला होता. ते मला दिसत होते, तरी दाखला अर्धा सोडता येईना. हा माझा दोष असेल तर तो मी येथे, केवळ येथे, मान्य करतो.

तो दाखला सुनेने तोडला. डोळे पुसत ती वळली आणि सरळ व्यवस्थापकाला म्हणाली, “साहेब, तुम्ही यांच्या अंत्यविधीला तासभर काढून आला होतात. त्यातली पंधरा मिनिटं आम्हाला द्या. बाकीची परत घेऊन जा.”

तो इतका हसला, की पुन्हा त्याच पॅलेटवर बसला. पॅलेट याही खेपेस करकरले नाही. हे दुसऱ्यांदा घडल्यावर मात्र त्याने स्वतः खाली वाकून पाहिले, पट्टीवरून तळहात फिरवला, खिळ्याचे डोके लागते का ते चाचपले. विचारले, ही दुरुस्त केलेली पट्टी कोणती? त्याला ओळखता आली नाही. मी ओळखून दाखवली. त्याने विचारले, एका पॅलेटला वेळ किती, आणि माल तुमच्या टेम्पोने की आमच्या? सुनेने नेमकी उत्तरे दिली. मी तिसरा दाखला मनात ठेवला.

पंधरा मिनिटांची बावीस झाली. जाताना तो म्हणाला की सोमवारी वीस पॅलेट पाठवतो, बुधवारी परत हवीत, पुढचे त्यावर. मग सुनेकडे वळून हळूच म्हणाला, “एक विनंती. यापुढचे मेसेज तुम्ही लिहा.” हे मला ऐकू आले नाही असे त्याला वाटले.

हाराचे काय करायचे, हा प्रश्न निघाला. इतका चांगला निशिगंध परत कसा न्यायचा, असे तो म्हणाला, आणि मास्तरांनी तो माझ्या गळ्यात घातला. मुलाने छायाचित्र काढले. ते सध्या इमारतीच्या ग्रुपवर फिरते, आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी त्याखाली ‘ईश्वर आत्म्यास शांती देवो’ लिहून मोकळे झाले आहेत. मी त्यांना जिन्यात भेटून खुलासा केला. ते म्हणाले, “हो का, मग राहू दे, पुढे उपयोगी पडेल.”

त्या रात्री सुनेने मास्तरांना एक निरोप लिहिला: भेट झाली, काय ठरले, तुमच्यामुळे झाले, आभारी आहोत. ओळख करून देणाऱ्याला पुढे काय झाले ते कळवायचे असते, हेही तिच्या पद्धतीत येते. मी त्यात दोन विशेषणे घालू का, असे विचारले. तिने फोन उशीखाली ठेवला.

सोमवारी वीस पॅलेट आली. दोन्ही सुतार दिवसभर उभे होते, आणि मीही. एका सुताराने मला बसायला सांगितले. मी त्याला एक सैल खिळा दाखवला आणि त्याने पुन्हा सांगितले नाही. बुधवारी माल कामणला गेला. संध्याकाळी व्यवस्थापकाचा निरोप सुनेला आला, चार ओळींचा, मागणे वरच: दर महिन्याला दुरुस्तीचे काम देतो, पहिला टेम्पो शुक्रवारी. वीसपैकी एकोणीस पसंत, एक परत पाठवत आहे, खिळ्याचे डोके वर आहे.

मुलाने दुसऱ्याच दिवशी गाळ्याच्या करारावर सही केली. घरी येताना त्याने पेढे आणले, आणि जेवताना पहिल्यांदाच माझ्या ताटात स्वतःच्या हाताने आमटी वाढली. मी ती भातात कालवून संपवली आणि पुन्हा मागितली. आमटी उत्तम होती, असे आता लिहितो.

परत आलेले ते विसावे पॅलेट मी दुरुस्त करू दिले नाही. त्याच्या खिळ्याचे डोके वर नाही. काट्याच्या यंत्रावरच्या माणसाने ते घाईत पाहिले, किंवा त्याचा हातमोजा फाटका होता. ते गाळ्याच्या दाराशी उजव्या हाताला ठेवलेले आहे. ज्याला शंका असेल त्याने सकाळी आठ ते एक या वेळात यावे आणि स्वतःचा तळहात त्यावरून फिरवून पाहावा.